कूलरच्या एका रिव्ह्यूतून कमिशन कसं येतं, आणि ते वाचणाऱ्याला कुठं अन् कसं सांगायचं

मार्च लागला की परभणी, जालना, लातूर सगळीकडून एकच मेसेज यायला लागतो, दादा कूलरचा रिव्ह्यू लिहिलाय, लिंकपण टाकलीय, क्लिक येतेत पण पैसे काही येत नाहीत. मग मी तो लेख उघडतो. लिंक कुठल्यातरी शॉर्टनरमधून फिरवलेली, किंमत हातानं टाईप केलेली अन् तीपण मागच्या वर्षीची, आणि कमिशन मिळतं ही गोष्ट कुठं लिहिलीय तर एकदम खाली, कॉपीराइटच्या ओळीजवळ, बारीक करड्या अक्षरात. दहातले आठ जण ह्याच चुका करतेत, आणि त्याचं कारण म्हणजे कामाचा क्रम उलटा असतो. आधी लिंक, मग लेख, आणि खुलासा आठवला तर शेवटी. खाली एकच उदाहरण धरून सरळ क्रमानं सांगतो, एक मध्यम साइजचा पर्सनल कूलर, आणि प्रोग्रॅम म्हणून अ‍ॅमेझॉन असोसिएट्स, कारण बहुतेक जण तिथूनच सुरू करतेत. बाकीच्या प्रोग्रॅमांचे आकडे वेगळे असतील पण चाक असंच फिरतं.

## १. आधी चाक कसं फिरतं ते समजून घ्या

तुम्ही लिंक बनवता तेव्हा तिच्या शेवटी तुमचा टॅग लागतो. भारतातल्या अकाउंटचा टॅग `-21` नं संपतो. वाचणाऱ्यानं त्या लिंकवर बोट ठेवलं की दुकानाला कळतं हे गिऱ्हाईक तुमच्याकडून आलं, आणि ती नोंद २४ तास टिकते. ह्या २४ तासात त्यानं ऑर्डर दिली तर ती तुमच्या नावावर पडते. कूलर बघायला गेला अन् कूलर सोडून चपला घेऊन आला तरी चपलांचं कमिशन तुमचं. २४ तासात सामान कार्टमध्ये टाकून ठेवलं आणि पगार झाल्यावर घेतलं तरी साधारण तीन महिन्यांपर्यंत ते धरलं जातं. पण मधेच त्यानं दुसऱ्या कुणाच्या रिव्ह्यूमधली लिंक दाबली तर मग नोंद त्याच्या नावावर जाते. आणि तुमचा लेख वाचून, फोन बाजूला ठेवून, दुसऱ्या दिवशी थेट अ‍ॅप उघडून नाव शोधून घेतला, तर तुमच्या हाती काही नाही. असं लई होतं, त्याला इलाज नाही.

आता हिशोबातली गोम. कमिशन छापील किमतीवर मिळत नाही, जीएसटी आणि डिलिव्हरीचा खर्च काढून जी रक्कम उरते तिच्यावर मिळतं. कूलरवर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ७,०८० चा कूलर असेल तर हिशोबाची रक्कम ६,०००. दर वस्तूच्या प्रकारावर ठरतो आणि अधूनमधून बदलतो, त्यामुळं कुणाच्या जुन्या व्हिडिओतला दर धरू नका, आपल्या डॅशबोर्डमधला तक्ता बघा. इथं हिशोबापुरता ४ टक्के धरू, म्हणजे एका कूलरमागं २४० रुपये.

थांबा: क्लिकला पैसे नाहीत. ऑर्डर दिल्यावरपण नाहीत. माल दुकानातून निघाला की कमिशन धरतेत, आणि गिऱ्हाइकानं परत पाठवला की काढून घेतेत.

## २. वस्तू वापरा आणि निकाल आधी लिहा, दराचा तक्ता नंतर उघडा

ही पायरी सगळे उडी मारून जातेत. तक्ता आधी बघितला की हात आपोआप जास्त कमिशनच्या मॉडेलकडं झुकतो, माझा झुकला होता म्हणून सांगायलो. आता मी उलटं करतो. निकालाचं पान आधी लिहून तारीख टाकून सेव्ह करतो, मग लिंक बनवायला बसतो.

कूलरचा निकाल लिहायचा म्हणजे नुसतं हवा छान लागते एवढं लिहून चालत नाही. मी बघतो ते असं. भर दुपारी, एप्रिलच्या शेवटी, खिडकी उघडी ठेवून एक तास चालवायचा, आणि भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा आधीचा अन् नंतरचा लिहायचा. मग खिडकी बंद करून तेच. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते, बंद खोलीत तो थोड्या वेळानं नुसती ओल करतो अन् अंगाला चिकचिक होते, आणि हे मोठ्या दुकानाच्या पानावर तुम्हाला ठळक अक्षरात कुणी सांगत नाही. टाकीत किती लिटर टाकलं आणि किती तासात संपलं तेपण लिहा, कारण आपल्याकडं मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घराला हाच आकडा लागतो.

आणि बोअरच्या पाण्यावर महिनाभर तरी चालवा. आमच्याकडचं पाणी जड. तीन आठवड्यात हनीकोंब पॅडच्या कडेला पांढरी खरपुडी धरली, मग पॅडचा वरचा डावा कोपरा कोरडाच राहायला लागला. पंप काढून बघितला तर जाळीत क्षार बसलेला अन् पाणी वर चढायलं अर्धंच. लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर पंप ठेवला तेव्हा सुटला. हा कोरडा कोपरा मी फोटोसकट लेखात टाकला. ह्या एका फोटोनं दोन-चार गिऱ्हाइकं गेली असतील, पण उरली त्यांच्याकडून माल परत यायचं प्रमाण कमी झालं, आणि परत आलेल्या मालावर कमिशन मिळत नाही हे वर सांगितलंच.

चेक: तुमच्या निकालात "हा कुणी घेऊ नये" असं एक तरी वाक्य आहे का? माझ्यात होतं: हॉल मोठा असेल तर हा घेऊ नका, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी डेझर्ट कूलर बनवून घ्या. त्याची लिंक नाही, त्यातून मला छदाम मिळत नाही, पण खरं तेच आहे.

## ३. अर्ज कधी करायचा

ब्लॉग रिकामा असताना अर्ज करू नका. अ‍ॅमेझॉनवर अकाउंट उघडल्यापासून १८० दिवसात किमान ३ विक्र्या व्हाव्या लागतेत, नाही झाल्या तर अकाउंट बंद. कूलरवाला माणूस दिवाळीत अर्ज करतो, हिवाळा कोरडा जातो, आणि ऐन सीझनला अकाउंट गेलेलं असतं. आठ-दहा खरे लेख असू द्या, आणि सीझनच्या तोंडावर, फेब्रुवारीत अर्ज करा.

अर्जात ज्या साइटचं नाव दिलंय तिथंच लिंक वापरायची. ईमेल, पीडीएफ, छापील पत्रक इथं लिंक टाकायला मनाई आहे. आणि स्वतःच्या लिंकवरून स्वतः घ्यायचं नाही, घरच्यांना, दोस्तांना घ्यायला लावायचं नाही. ह्याबाबतीत माझी चांगली जिरली आहे. सुरुवातीला एका दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये होतो, तिथं मी लिंक नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली अन् चुलतभावाला म्हणलं घे की, तसापण मिक्सर घेणारच आहेस. त्यानं घेतला, वहिनीनं घेतला, मेव्हण्यानं घेतला. महिनाभरानं अकाउंट बंद, जमलेले पैसेपण गेले. चूक माझीच होती, नियम वाचलेच नव्हते. ग्रुपवर टाकायचीच असेल तर लेखाची लिंक टाका, दुकानाची नाही, म्हणजे वाचणारा खुलासा वाचूनच पुढं जातो.

## ४. लिंक बनवा

प्रत्येक लेखासाठी वेगळा ट्रॅकिंग आयडी घ्या, डॅशबोर्डमध्ये फुकट बनतो. नाहीतर महिन्याअखेर कळतच नाही पैसे कूलरच्या लेखानं आणले की मिक्सरच्या. लेखात लिंक अशी दिसली पाहिजे:

```html
<a href="https://www.amazon.in/dp/ASIN?tag=tumchatag-21"
   rel="sponsored nofollow">किंमत बघा (कमिशन लिंक)</a>
```

`ASIN` च्या जागी त्या वस्तूचा कोड, तो दुकानाच्या पानावर खाली तपशिलात असतो, आणि `tumchatag-21` च्या जागी त्या लेखाचा ट्रॅकिंग आयडी. `rel="sponsored"` हे गूगलसाठी आहे, पैशाचा संबंध असलेल्या लिंकसाठी त्यांनी २०१९ मध्ये हा शब्द दिला. पण हे वाचणाऱ्याला दिसत नाही, त्यामुळं "कोडमध्ये सांगितलंय की" म्हणून सुटका नाही. बटणावर "कमिशन लिंक" हे शब्द दिसलेच पाहिजेत.

शॉर्टनर वापरायचाच असेल तर अ‍ॅमेझॉनचा स्वतःचा `amzn.to` वापरा. बाकीच्या शॉर्टनरमध्ये आपण कुठं चाललोय ते गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि ते नियमातपण बसत नाही. किंमत हातानं लिहू नका, ती दिवसात दोनदा बदलते, आणि त्यांच्या एपीआयमधून आल्याशिवाय किंमत दाखवायला परवानगी नाही. "किंमत बघा" एवढं पुरे.

चेक: फोनवर लिंक दाबा, उघडलेल्या पानाच्या पत्त्यात तुमचा टॅग आहे का बघा. नसेल तर पूर्ण सीझन फुकट जाईल. बघून झालं की बंद करा, त्यातून काही विकत घेऊ नका.

## ५. खुलासा लिहा, आणि मराठीत लिहा

इथं कायद्याचं थोडं सांगावं लागेल. ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना काढल्या, त्याच्या आधी जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यातलं आपल्या कामाचं एवढंच: पैसे, फुकट वस्तू, सूट, भेट, नात्यातली कंपनी, काहीही संबंध असला तर तो सांगायचा. ठळक सांगायचा, सोप्या शब्दात सांगायचा, हॅशटॅगच्या ढिगात किंवा लिंकांच्या गर्दीत लपवायचा नाही. आणि ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत खुलासा. म्हणजे मराठी रिव्ह्यूखाली चिकटवलेला इंग्रजी परिच्छेद चालत नाही. व्हिडिओ करत असाल तर लिहूनपण दाखवायचं अन् तोंडानंपण बोलायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये शिफारस करणाऱ्यालासुद्धा १० लाखापर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखापर्यंत.

सगळ्यात जास्त दिसणारा खुलासा असा असतो: "या लेखात काही अफिलिएट लिंक्स असू शकतात, ज्याद्वारे आमच्या कार्यास सहकार्य लाभते." अहो असू शकतात म्हणजे काय, लिंक तुम्हीच टाकलीय ना? आणि सहकार्य म्हणजे वर्गणी वाटते. माझा मामा जिंतूरकडं शेती करतो, त्याला मी माझा जुना खुलासा वाचायला दिला होता, तो असाच होता. त्यानं चष्मा वर करून दोनदा वाचला अन् म्हणला, "हे काय देणगीचं हाय का?" मग मी तोंडी सांगितलं तर म्हणतो, "म्हंजे ह्याच्यातून मी कूलर घेतला तर तुला पैसे भेटतेत. मग तसं लिही की, कामून लपवायलास?" लपवत नव्हतो खरं तर, कुणाचा तरी कॉपी केला होता. पण वाचणाऱ्याला ते लपवल्यासारखंच दिसलं.

आता मी हे लिहितो:

"या लेखातल्या लिंकवरून तुम्ही काहीही विकत घेतलं तर दुकानाकडून मला कमिशन मिळतं. तुम्हाला किंमत जास्त पडत नाही. हा कूलर मी स्वतःच्या पैशानं घेतलाय. लोखंडी कूलरची लिंक नाही, त्यातून मला काही मिळत नाही."

"काहीही" हा शब्द मुद्दाम आहे, कारण चपलांचंपण मिळतं. अ‍ॅमेझॉनला स्वतःचं एक वाक्य साइटवर लागतं, `As an Amazon Associate I earn from qualifying purchases.` ते मी मराठी खुलाशाच्या खाली तसंच ठेवतो. ते ठेवलं म्हणून मराठीची जागा भरली असं धरू नका.

थांबा: कूलर कंपनीनं फुकट पाठवला असेल तर कमिशनचं वाक्य पुरत नाही, ती दुसरी गोष्ट झाली. "कंपनीनं फुकट दिला, परत घेणार नाहीत" किंवा "तीन आठवड्यांसाठी दिला होता, परत केला" असं जे असेल ते सरळ लिहा. लेख छापायच्या आधी तुमचा मजकूर कंपनीनं वाचला असेल तर तेपण.

## ६. कुठं ठेवायचा

पहिल्या लिंकच्या वर. शीर्षकाखाली, फोटोच्या आधी, लेखाच्या बाकी अक्षरांएवढ्याच साइजमध्ये. "खुलासा" असं वेगळं पान बनवून वरच्या मेनूत टाकलं तर ते कुणी उघडत नाही, असू द्या पण त्याच्यावर भागवू नका. त्याशिवाय प्रत्येक बटणावर "कमिशन लिंक", कारण गूगलवरून आलेला माणूस पुष्कळदा सरळ तुलनेच्या तक्त्यावर उतरतो अन् वरचा परिच्छेद बघतच नाही.

बरेच थीम मोबाईलवर वरचा चौकोन घडी करून "अधिक वाचा" मागं टाकतेत. कॉम्प्युटरवर सगळं दिसतं म्हणून आपण निवांत, आणि वाचणारे जवळपास सगळे फोनवर.

चेक: स्वस्त, छोट्या स्क्रीनच्या फोनवर लेख उघडा. अंगठ्यानं खाली जाताना आधी खुलासा लागला की आधी लिंक? मग लेख न वाचलेल्या घरातल्या कुणाला तरी तेवढाच परिच्छेद दाखवून विचारा, मला पैसे कुठून मिळतेत सांग. त्यांना सांगता आलं नाही तर वाक्य बदला. मामा पास झाला तेव्हाच मी छापलं.

## ७. महिन्याचा हिशोब कसा वाचायचा

मे महिना धरू. कूलरच्या लेखातून ६ कूलरच्या ऑर्डरी पडल्या. नवा माणूस लगेच ६ गुणिले ७,०८० करून त्याचे ४ टक्के काढतो, जवळपास १,७०० रुपये, आणि घरी सांगून मोकळा होतो. आता खरा हिशोब. एकानं माल निघायच्या आधीच ऑर्डर रद्द केली, राहिले ५. एकाचा वाटेत फुटला अन् परत गेला, राहिले ४. प्रत्येकाचे हिशोबाचे ६,०००, त्यावर ४ टक्के म्हणजे २४०, चौघांचे ९६०. आणि हे पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतेत, म्हणजे मेच्या उन्हातले पैसे जुलैच्या शेवटी, पेरण्या होऊन जातेत तरी यायचेच असतेत. उशिरा परत आलेला माल पुढच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये उणे चिन्हानं दिसतो, ते बघून घाबरू नका, चोरी झालेली नसते.

रिपोर्टमध्ये क्लिक भरपूर अन् ऑर्डर शून्य असेल तर आधी टॅग तपासा, मग ती वस्तू स्टॉकमध्ये आहे का बघा. जूनमध्ये मॉडेल बंद होतं अन् लिंक मेलेल्या पानावर जाते, हे मला दोन उन्हाळे कळलंच नव्हतं. टीडीएस कापला असेल तर तो तुमच्या पॅनवर २६एएसमध्ये दिसतो, रिटर्न भरताना ही कमाई दाखवायची, छोटी असली तरी.

## ८. लेख छापून झाल्यावर

पावसाळा लागला की हवा दमट होते, तोच कूलर निकामी वाटायला लागतो, म्हणून मी जुलैत लेखाच्या वर तारीख टाकून एक ओळ लिहितो की आत्ता घेऊ नका, थांबा. त्या महिन्यात कमिशन जातं, जाऊ द्या.

खुलासापण तेव्हाच परत वाचा. मागच्या वर्षी लेख छापल्यावर दोन महिन्यांनी त्याच कूलरच्या कंपनीनं मला पॅडचा जादा सेट फुकट पाठवला, मी न मागता. किंमत काही शेकड्यात असेल. तरी मी "हा कूलर मी स्वतःच्या पैशानं घेतलाय" ह्याच्यापुढं लगेच जोडलं: "जूनमध्ये कंपनीनं पॅडचा एक सेट फुकट पाठवला, वरचे फोटो त्याच्या आधीचे आहेत."